ब्लॅक बुकातले टक्के

मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात वाढले, आजही तिथेच राहते, आणि गेली एकोणीस वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना शिकवते. पदवीच्या शेवटच्या सत्रात या मुलांना प्रकल्प लिहावा लागतो. काळ्या कव्हरात, सोनेरी अक्षरांत बांधून घेतलेल्या त्या प्रकल्पाला मुंबईतली मुलं ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. दरवर्षी अशी साठेक ब्लॅक बुकं माझ्याकडे येतात. ती सगळीच्या सगळी तपासणी यंत्रातून काढायची, की ज्यांच्याबद्दल शंका येईल तेवढीच काढायची? या प्रश्नाचं माझं उत्तर तीन वर्षांत दोनदा बदललं. पहिल्या वर्षी मी शंकेपुरतं तपासलं, दुसऱ्या वर्षी सरसकट, आणि दोन्ही वर्षी काहीतरी मोडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते.

१. ‘डिटेक्टर’ या एका शब्दात दोन वेगळी यंत्रं लपलेली असतात.

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे सरसकट म्हणायचो, “चेक करून घे.” काय चेक करायचं, हे कुणी विचारत नसे. पहिलं यंत्र साम्य शोधतं. मुलाचा मजकूर इंटरनेटवरच्या आणि साठवलेल्या लिखाणाशी ताडून ते दाखवतं की हा परिच्छेद अमुक ठिकाणच्या मजकुराशी जुळतो. मूळ आणि नक्कल मी शेजारी शेजारी ठेवून वाचू शकते, मुलालाही दाखवू शकते. दुसरं यंत्र २०२३ पासून आमच्याकडे आलं. मजकूर माणसाने लिहिला की चॅटजीपीटीसारख्या साधनाने, याचा ते अंदाज बांधतं आणि टक्का देतं. त्या टक्क्यामागे कुठलंच मूळ कागदपत्र नसतं. मूल म्हणालं, “मॅडम, मीच लिहिलंय,” तर दाखवायला माझ्या हातात काही उरत नाही.

सगळ्यांचं तपासावं की मोजक्यांचं, हा प्रश्न या दोन यंत्रांसाठी वेगवेगळा सोडवावा लागतो. मला हे कळायला एक वर्ष आणि एक मुलगी लागली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

२. साम्याची तपासणी सगळ्यांची करावी, पण टक्का वाचायला आधी आपण शिकावं.

झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची ब्लॅक बुकं नाव बदलून मिळतात, हे मुंबईत शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून साम्याची तपासणी सरसकट करण्यात मला काही गैर वाटत नाही. सगळ्यांची होते, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही. हे मी वस्तीत पाहिलंय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आमच्याच किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकासाठी ओळखपत्र आलं, बोटींची तपासणी वाढली. आमच्या माणसांना त्याचा त्रास झाला. पण कार्ड सगळ्यांकडेच मागत, तोवर कुणाच्या मनाला लागलं नाही. एकाच होडीला वारंवार थांबवलं की मात्र बंदरावर कुजबुज सुरू व्हायची.

पण कार्ड असतं किंवा नसतं. साम्याच्या टक्क्याचं तसं नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेजने ठरवलं की दहा टक्क्यांच्या वर साम्य असलेलं ब्लॅक बुक परत करायचं. पहिल्याच फेरीत निम्म्याहून अधिक मुलं अडकली. अहवाल उघडून एकेक रंगवलेली ओळ वाचली तेव्हा कळलं, की जुळत होतं ते प्रमाणपत्राचं पान, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, कायद्यांची नावं आणि संदर्भसूची. ही पानं कॉलेजनेच ठरवून दिलेल्या शब्दांत असतात, ती जुळणारच. अवतरणं आणि संदर्भसूची वगळण्याची, लहान जुळण्या गाळण्याची सोय यंत्रात होती. ती कुणी वापरलीच नव्हती. एका मुलाचं साम्य नव्वदच्या पुढे गेलं होतं. त्याचा कच्चा मसुदा आम्हीच आधी यंत्रात टाकला होता, तो तिथे साठवला गेला, आणि पक्की प्रत स्वतःच्याच मसुद्याशी जुळली. मसुदा टाकताना ‘साठवू नये’ हा पर्याय निवडायला हवा होता. त्या मुलाने दोन दिवस घरी काही सांगितलं नव्हतं.

उलटही घडतं. मराठीतला एक प्रकल्प साम्य शून्य दाखवत होता. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तो टाइप केलेला होता. आपल्याला पडद्यावर मराठी दिसते, पण यंत्राला त्या अक्षरांमागे रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. पूर्ण नक्कल असली तरी तिथे शून्यच आलं असतं.

तो दहा टक्क्यांचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतून उचललेला होता. त्या नियमावलीत पायऱ्या आहेत: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा चढत्या शिक्षा. मी ती पहिल्यांदा मुळातून वाचली तेव्हा थबकले. नियमावली पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी व प्रकाशित लिखाणासाठी आहे. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका यांना तिने स्पष्टपणे वगळलं आहे. प्रबंधाच्या बाबतीतही टक्का दिसला की शिक्षा, असं ती म्हणत नाही. विभागाची समिती, तिच्यावर संस्थेची समिती, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं ऐकून घेणं, असा तो रस्ता आहे. आमच्या विसाव्या वर्षातल्या मुलांना आम्ही शिक्षेचा आकडा लावला आणि बाजू मांडायची संधी मात्र दिली नाही.

३. शंका कुणावर आली, ते एकदा कागदावर मांडून पाहावं.

आता त्या मुलीबद्दल. पहिलं वर्ष होतं, २०२३–२४. मी ठरवलं होतं की ज्यांच्या लिखाणाबद्दल शंका येईल तेवढ्यांचंच दुसऱ्या, अंदाज बांधणाऱ्या यंत्रातून तपासायचं. सगळ्यांवर संशय नको, असा माझा प्रामाणिक विचार होता.

ती मच्छीमार नगरातलीच, आमच्या घरापासून चार घरं पलीकडची. शाळा मराठी माध्यमाची. लहान होडीच्या एका फेरीचा खर्च, हा तिचा विषय: डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, आणि सोसायटीमार्फत मिळणारा डिझेल परतावा उशिरा आला की घरचा हिशेब कसा कोलमडतो. वर्गात ती इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलत नसे. प्रकल्पातलं इंग्रजी मात्र स्वच्छ होतं. छोटी, सरळ वाक्यं, एकही चूक नाही. मी तिची दोन पानं एका फुकट संकेतस्थळावर टाकली. ९२ टक्के आले. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिथे आणखी तिघं बसलेली होती.

“हे तू लिहिलंस?”

“हो, मॅडम.”

“नक्की?”

ती काही बोलली नाही. मी पडदा तिच्याकडे वळवला. ती तो आकडा पाहत राहिली. मग पिशवीतून एक शंभर पानी वही काढून तिने माझ्यासमोर ठेवली. सगळा प्रकल्प त्यात आधी मराठीत लिहिलेला होता. बर्फाच्या लाद्यांचा रोजचा हिशेब, जून-जुलैच्या बंदीच्या ६१ दिवसांत घर कशावर चाललं त्याची यादी, वडिलांनी सांगितलेले आकडे आणि ते आकडे खोडून सोसायटीच्या पावतीवरून घातलेले दुसरे. मराठीवरून तिने एकेक वाक्य इंग्रजीत केलं होतं. शब्द अडला तर फोनवर पाहिला, आणि बारावीच्या गाइडातून जी वाक्यरचना पाठ होती त्यातच सगळं बसवलं. चूक होऊ नये म्हणून वाक्य मुद्दाम छोटं ठेवलं. फाइल गुगल डॉक्समध्ये होती, त्यामुळे बदलांचा इतिहासही होता: सहा आठवडे, बहुतेक रात्री अकरानंतर.

मी तिची माफी मागितली. तिथेच, त्या तिघांसमोर मागितली.

त्या रात्री घरी बसून मी त्या वर्षी ज्यांच्यावर शंका घेतली होती त्यांची नावं लिहून काढली. नऊ होती. त्यातली सात मराठी माध्यमातली. कुणी आंबेडकर नगरातलं, कुणी गणेशमूर्ती नगरातलं, दोघं आमच्या वस्तीतली. मोठ्या इंग्रजी शाळांमधून आलेल्या मुलांचं स्वच्छ इंग्रजी मी शंका न घेता वाचून पुढे गेले होते. त्यातल्या कुणी काय वापरलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. ‘शंका आलेल्यांचंच तपासू’ म्हणणं ऐकायला सौम्य वाटतं. पण शंका कुणावर घ्यायची हे यंत्र ठरवत नाही. ते मी ठरवत होते, आणि मी स्वतः याच वस्तीत वाढलेली असूनही याच वस्तीतल्या मुलांवर ठरवत होते.

४. माझी शंका आणि यंत्राचा टक्का हे दोन वेगळे साक्षीदार नव्हते.

आधी माझ्या मनाला खटकलं, मग यंत्रानेही तेच सांगितलं, म्हणून मला खात्री वाटली होती. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या असं मी धरून चालले. पण ही यंत्रं काय मोजतात ते समजून घेतलं तेव्हा तो आधार सुटला. ढोबळमानाने ती लिखाणातला सरळपणा मोजतात. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज लागतो, आणि वाक्यांची लांबी जितकी सारखी, तितकं ते लिखाण यंत्राचं ठरायची शक्यता जास्त. गाइडातून, पाठ केलेल्या साच्यांतून शिकलेलं इंग्रजी नेमकं तसंच असतं. आणि ‘या मुलीला इतकं बिनचूक इंग्रजी कसं आलं’ ही माझी शंकाही त्याच सरळपणातून उगवली होती. एकाच गोष्टीने आम्हा दोघांना फसवलं.

हे फक्त माझ्या वर्गात घडलेलं नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या यंत्रांना दिले. सरासरी काढली तर त्यातल्या निम्म्याहून जास्त निबंधांवर ‘यंत्राने लिहिलेलं’ असा चुकीचा शिक्का बसला, साधारण ६१ टक्के. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र यंत्रांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. मग संशोधकांनी त्याच टोफेल निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतले, आणि चुकीचे शिक्के एकदम कमी झाले. म्हणजे ज्याने स्वतः लिहिलं तो अडकला, आणि ज्याच्या लिखाणावर यंत्राचा हात फिरला तो सुटला. हे वाचलं तेव्हा मला ती शंभर पानी वही आठवली.

५. सरसकट तपासलं तर निवडीतला भेदभाव जातो, पण ठपका बसलेल्या निर्दोष मुलांची संख्या वाढते.

नऊ नावांची यादी पाहिल्यावर दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळ्यांचं तपासू, म्हणजे कुणावर अन्याय नाही. तो हिशेब मी आधी कागदावर करायला हवा होता.

ज्या कंपनीने चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये एक डिटेक्टर काढला होता. त्यांचेच आकडे असे होते: यंत्राने लिहिलेल्यापैकी २६ टक्के मजकूर ओळखला जातो, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा ठपका बसतो. माझ्या साठ मुलांपैकी दहा जणांनी खरंच यंत्राकडून लिहून घेतलं असं समजू. त्या दहांतले दोन-तीन सापडतील. उरलेल्या पन्नास प्रामाणिक मुलांपैकी चार-पाच जणांवर ठपका येईल. म्हणजे माझ्यासमोर सात मुलं उभी, त्यातली चार-पाच निर्दोष, आणि सात-आठ खरे दोषी वर्गात निवांत बसलेले. अचूकता कमी असल्याचं सांगून कंपनीने त्याच वर्षी जुलैत तो डिटेक्टर बंद केला.

आजची विकत मिळणारी यंत्रं याहून बरी आहेत. टर्निटिनने आपला चुकीचा ठपका एक टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तो एक टक्का आपल्या कागदांना लावून पाहिला. २०२२ मध्ये त्यांच्याकडून टर्निटिनमध्ये गेलेले लेख होते ७५,०००. त्यावर एक टक्का म्हणजे ७५० लेखांवर खोटा आरोप. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. माझ्या वर्गात साठ मुलं वर्षभरात पाच-पाच कामं देतात, म्हणजे तीनशे कागद. एक टक्का धरला तरी दरवर्षी तीन आरोप, आणि आमच्या मुलांच्या इंग्रजीला तो टक्का तसाच लागू होईल असं मानायला स्टॅनफर्डच्या त्या निबंधांनंतर मला आधार वाटत नाही.

सधन घरातल्या मुलाकडे अशा आरोपाविरुद्ध दाद मागायची ताकद असते. २०२४ मध्ये हरयाणातल्या एका खाजगी विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला उत्तर यंत्राने लिहिल्याच्या कारणावरून नापास केलं, तेव्हा तो उच्च न्यायालयात गेला. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं कळवल्यावर ती याचिका निकाली निघाली. माझ्या वर्गातली मुलं कोर्टात जात नाहीत. ती गप्प बसतात.

६. अविश्वासाची पहिली खूण लिखाणातच दिसते.

सरसकट तपासणी होणार हे जाहीर झाल्यावर त्या वर्षी मुलं काय करू लागली, ते मी वह्यांतून वाचलं. एका हुशार मुलाच्या प्रकल्पात प्रत्येक पानावर दोन बाळबोध चुका होत्या. त्याला विचारलं.

“मॅडम, मुद्दाम ठेवल्यात. सगळं बरोबर असलं की टक्का वाढतो.”

काही जण कागद देण्याआधी स्वतःच फुकट डिटेक्टरवर टाकून पाहत. टक्का जास्त आला की तो उतरवून देणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळावरून मजकूर फिरवून आणत. म्हणजे ज्यांनी स्वतः लिहिलं होतं तेही भीतीपोटी यंत्राकडे गेले. नकलेत आधीपासून सराईत असलेल्यांना हा रस्ता ठाऊकच होता. शिकवताना मुलं मला विचारायची ते प्रश्नही बदलले. ‘हा खर्च स्थिर धरायचा की बदलता?’ असं विचारणारी मुलं ‘किती टक्के चालतील?’ असं विचारू लागली. मला त्या वर्षी सगळ्यात जास्त याचं वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. मुलांचा मजकूर त्यांना न विचारता मी एका अनोळखी संकेतस्थळाच्या हवाली केला होता. त्या मुलीच्या पानांत तिच्या वडिलांची कमाई होती.

७. आता मी काय करते.

साम्याची तपासणी सगळ्यांची, मसुद्याच्या वेळी, ‘साठवू नये’ हा पर्याय निवडून. अहवाल आधी मुलाच्या हातात जातो. तो स्वतः रंगवलेल्या ओळी वाचतो, अवतरणचिन्हं घालतो, संदर्भ देतो, मग माझ्याकडे येतो. अंदाज बांधणारा डिटेक्टर मी कुणासाठीच वापरत नाही, शंका आलेल्यांसाठी तर नाहीच.

त्याच्या जागी सगळ्यांची तोंडी परीक्षा, आणि तीही शेवटी नव्हे, मसुदा असतानाच. प्रत्येकी आठ मिनिटं. साठ मुलांची ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास. दोन आठवड्यांच्या मोकळ्या तासिकांत बसतात. प्रश्न साधे असतात. तुझ्या प्रश्नावलीतला कुठला प्रश्न लोकांना कळला नाही? या तक्त्यातला हा एक आकडा कुठून आला? काय लिहून नंतर काढून टाकलंस? काम केलेल्या मुलाला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना थांबवावं लागतं. न केलेल्याला तो प्रश्नच कळत नाही. भाषेची अट नाही, मराठीत, हिंदीत, कशातही सांगावं.

शिवाय प्रत्येक ब्लॅक बुकातले कुठलेही तीन संदर्भ मी शोधून पाहते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात कधी कधी अस्तित्वात नसलेली पुस्तकं येतात. खऱ्या लेखकाचं नाव, खरं मासिक, पण तो लेख कधी छापलेलाच नसतो. याला टक्का लागत नाही. लेख आहे किंवा नाही, ओळखपत्रासारखं.

गेल्या वर्षी एका मुलाकडे शंभर जणांच्या सर्वेक्षणाचे सुबक तक्ते होते. भाषा त्याची स्वतःची, साम्य नगण्य. कुठल्याही डिटेक्टरने त्याला सोडून दिलं असतं. मी गुगल फॉर्ममधली उत्तरांची यादी उघडायला सांगितली. शंभरच्या शंभर उत्तरं एका रात्रीत, पाऊण तासात आलेली होती. त्याने मान खाली घातली आणि स्वतःच भरल्याचं सांगितलं. त्याला पंधरा दिवस दिले. तो भाऊच्या धक्क्यावर जाऊन एकतीस जणांशी बोलून आला. एकतीसच, पण तोंडीत त्याने त्यातल्या प्रत्येकाबद्दल काहीतरी सांगितलं.

कुणाला वेगळं बोलवायचं झालं तर कारण आधी कागदावर लिहायचं, हा नियम मी स्वतःला घातला आहे. कारण कागदातलं हवं, मुलातलं नको. ‘संदर्भ सापडत नाही’, ‘तक्ता आणि मजकूर जुळत नाही’, ‘मसुद्यात नसलेलं प्रकरण एकदम आलं’, ही कारणं चालतात. ‘इंग्रजी फारच चांगलं आहे’ हे चालत नाही. तो कागद नाव झाकून मी एका सहकाऱ्याला दाखवते, आणि त्यांनाही खटकलं तरच मुलाला बोलावते, एकट्याला, दार लावून.

८. एक गोष्ट मला अजून सोडवता आलेली नाही.

मराठीत लिहून भाषांतराच्या साधनाने इंग्रजी केलेलं काम स्वतःचं मानायचं की नाही? मी मानते. ब्लॅक बुकाच्या सुरुवातीला ‘हे कसं लिहिलं’ असं एक पान जोडायला सांगते आणि त्यात ते नोंदवून घेते. माझे काही सहकारी मानत नाहीत, आणि त्यांचंही म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही, कारण पदवी इंग्रजी माध्यमाची आहे. पण तो वाद आम्ही मुलांसमोर, सत्राच्या पहिल्या आठवड्यात करतो. निकालाच्या आदल्या दिवशी करत नाही.

ती मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. आता फोर्टमध्ये एका सीएच्या ऑफिसात काम करते. कॉलेजात ती मला मॅडम म्हणायची आणि वस्तीत ताई. स्टाफरूममधल्या त्या दिवसानंतर वस्तीतही मॅडमच म्हणू लागली. परवा नारळी पौर्णिमेला बंदरावर भेटली, वाकून नमस्कार केला, घरचं सगळं विचारलं. म्हणाली, “मॅडम, येते.”